तेल तोडल्याने पित्ताशय वाचत नाही

वाचकाचं पत्र

सात आठवड्यांपूर्वी माझी गॅस्ट्रिक बायपास झाली. तेव्हा वजन 124 किलो होतं, आज 107 आहे. आधीच्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे नव्हते. डॉक्टरांनी उर्सोडिऑक्सीकोलिक ॲसिडची 300 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, सहा महिने घ्यायला सांगितली होती. दहा दिवसांत जुलाब सुरू झाले. मी गोळी आणि दूध दोन्ही थांबवलं, तर दोन दिवसांत पोट ठिकाणावर आलं. मग गोळी परत घेतलीच नाही. आईचं पित्ताशय खड्यांमुळे काढावं लागलं होतं, त्या धास्तीने मी तेल-लोणीही पूर्ण बंद केलंय. दिवसभरात पाण्यात कालवलेली प्रोटीन पावडर तीन वेळा, पातळ सूप आणि उकडलेल्या भाज्यांचा वाटीभर लगदा, इतकंच खाते. नणंद म्हणते, ऑपरेशनमध्येच पित्ताशय काढून टाकायला हवं होतं. नाहीतर निदान ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन ते साफ तरी कर. आता गोळी परत सुरू करू की उशीर झाला?

उत्तर

उशीर झालेला नाही. या आठवड्यात एक सोनोग्राफी करून घ्या, ती निर्धोक आली तर तुमच्या सर्जनशी बोलून गोळी पुन्हा सुरू करा. तेलासाठी मात्र कुठल्याही रिपोर्टची वाट बघू नका, ते आजच्या जेवणात येऊ द्या.

तेलाबद्दलचा तुमचा समज बहुतेकांचा असतो आणि तो कुठून येतो तेही कळतं. ज्याच्या पित्ताशयात खडे आहेत त्याला तळलेलं खाल्ल्यावर कळ येते, म्हणून डॉक्टर त्याला तेलकट टाळायला सांगतात. तुमच्या आईलाही सांगितलं असणार. हा सल्ला कळ टाळण्याचा आहे. खडा होऊ नये म्हणून काय करायचं, हा प्रश्न वेगळा आहे आणि वजन झपाट्याने उतरत असताना त्याचं उत्तर जवळजवळ उलटं येतं.

त्याआधी एका शब्दाचा घोळ मिटवते. आपण मराठीत ‘पित्त झालंय’ म्हणतो तेव्हा बोलत असतो जठरातल्या आम्लाबद्दल. इथे ज्याच्याविषयी बोलायचं ते पित्त यकृतात तयार होतं, हिरवट-पिवळं असतं, आणि यकृताखाली चिकटलेल्या छोट्या पिशवीत, म्हणजे पित्ताशयात, दाट होऊन साठतं. दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे पित्ताशयाची कळ कित्येकदा ‘ॲसिडिटी’ समजली जाते आणि माणसं महिनोन् महिने अँटासिड पीत राहतात.

या पित्तात कोलेस्टेरॉल असतं. ते पाण्यात विरघळत नाही. पित्तातली आम्लं आणि लेसिथिनसारखी स्निग्ध द्रव्यं त्याला धरून ठेवतात म्हणून ते द्रवात राहतं. पाकात साखर मावेल त्यापेक्षा जास्त झाली की ती कडेला दाण्यांनी बसायला लागते, तसंच इथे होतं. वजन उतरतं तेव्हा शरीर साठवलेली चरबी मोडतं, आणि त्या चरबीत कोलेस्टेरॉलही दडलेलं असतं. ते बाहेर पडून यकृताकडे येतं आणि यकृत त्यातलं बरंच पित्तात टाकतं. धरून ठेवणारी द्रव्यं मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत. आठवड्याला साधारण दीड किलोपेक्षा जास्त वजन उतरायला लागलं की खड्यांचा धोका ठळकपणे वाढतो. तुमचा वेग सरासरी 2.4 किलोचा आहे. त्यात सुरुवातीच्या आठवड्यांतलं पाणीही आहे, आणि बायपासनंतर हा वेग काही जगावेगळा नाही. पण पित्ताच्या दृष्टीने तुम्ही सध्या ऐन जोखमीच्या काळात आहात. बायपासनंतर खडे होतात ते बहुतांशी पहिल्या सहा महिन्यांत. म्हणून तर गोळी सहा महिन्यांसाठी लिहिलेली असते.

नुसतं पित्त गढूळ होऊन खडा होत नाही, ते साचून राहावं लागतं. पित्ताशय एका मुठीसारखं आहे. जेवण आलं की ते आवळतं आणि आतलं पित्त आतड्यात सोडतं. आवळण्याची खूण देतं कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक, आणि ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून सुटतं ते मुख्यतः स्निग्ध पदार्थ आल्यावर. प्रथिनांनीही थोडं सुटतं. सूप आणि भाज्यांनी जवळजवळ नाहीच. म्हणजे तेल बंद केलंत की आवळण्याची खूणच जात नाही. घट्ट होत चाललेलं पित्त आत तसंच पडून राहतं, त्यात श्लेष्म मिसळतं, त्याचा गाळ होतो आणि गाळात कण धरायला लागतात.

तुमच्या दिवसाचा हिशोब मी मांडून बघितला. पावडरचे तीन ग्लास म्हणजे सुमारे साडेतीनशे कॅलरी, सूप आणि लगदा धरून पाचशेच्या आत-बाहेर. चरबी मात्र पावडरमधून येईल तेवढीच, म्हणजे तीन-चार ग्रॅम. हा आकडा बघून मला एक जुना प्रयोग आठवला. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लठ्ठ माणसांना अतिशय कमी कॅलरींचा आहार दिला होता. एका गटाला दिवसाला 3 ग्रॅम चरबी होती, दुसऱ्याला 12 ग्रॅमच्या थोडी वर. शेवटपर्यंत टिकलेल्या 11-11 जणांपैकी पहिल्या गटातल्या 6 जणांना खडे झाले, दुसऱ्या गटात एकालाही नाही. दोन्ही गटांचं वजन उतरलं होतं. अभ्यास छोटा होता, पण त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका छोट्या अभ्यासातही दिशा तीच होती. एका जेवणात एकदम 10 ग्रॅम चरबी मिळाली की पित्ताशय व्यवस्थित रिकामं होतं, असं त्यात दिसलं होतं.

इथे ‘एकदम’ या शब्दावर माझा जोर आहे. दिवसभर थेंब थेंब तेल पसरून 10 ग्रॅम भरले तरी मुठीला जोराने आवळायचं कारण मिळत नाही. एखाद्या जेवणात मिळून तेवढं जायला हवं. 10 ग्रॅम ऐकायला मोठं वाटतं, पण एका अंड्यात पाच ग्रॅम असतात आणि चहाच्या चमचाभर तेलात साडेचार-पाच. सातव्या आठवड्यात बहुतेकांना मऊ खाणं सुरू झालेलं असतं. तुम्हालाही तशी परवानगी असेल तर चमचाभर तेलात परतलेलं एक मऊ अंडं, नीट चावून, वीस मिनिटं घेऊन खाल्लं की काम झालं. अंडं खात नसाल तर भाजीच्या लगद्यात दोन छोटे चमचे तेल मिसळा, हिशोब तोच. पहिल्यांदाच पूर्ण माप घेऊ नका. तुमच्या पोटाने पाच आठवडे तेल बघितलेलं नाही, तेव्हा तीन-चार दिवस अर्ध्या मापावर राहा, मग पूर्ण करा.

वरची मर्यादाही सांगून ठेवते, नाहीतर लोक दुसऱ्या टोकाला जातात. बायपासमध्ये अन्न आणि पाचकरस उशिरा भेटतात, त्यामुळे जास्त चरबी नीट पचत नाही. शौच फिकट, चिकट, पाण्यावर तरंगणारं आणि उग्र वासाचं व्हायला लागलं तर तुम्ही माप ओलांडलंय. तळण सुरू करा असं मी म्हणत नाही.

आता यातली एक अडचण तुमच्यापासून लपवणं बरं नाही. मघाचे प्रयोग डाएटवरच्या माणसांवर झालेत, बायपास झालेल्यांवर नाही. तुमच्या शस्त्रक्रियेत जठराचा वरचा छोटा कप्पा थेट पुढच्या आतड्याला जोडलाय, त्यामुळे अन्न लहान आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून जातं. पित्ताशयाला खूण देणाऱ्या पेशी त्या पहिल्याच भागात सर्वांत दाट आहेत. पुढेही आहेत, म्हणजे खूण अगदीच बंद पडत नाही, पण डाएट करणाऱ्या माणसाइतका भरवसा तिच्यावर ठेवता येत नाही. शिवाय कोलेस्टेरॉलचा लोंढा तेल खाऊन थांबत नाही. म्हणून डाएटवाल्याला मी कदाचित ‘चरबीचं माप सांभाळा, वेग आवरा’ इतक्यावर सोडलं असतं. तुम्हाला तेवढ्यावर सोडणार नाही. तुम्हाला गोळीही हवी.

गोळीतलं औषध हे एक पित्ताम्लच आहे. ते अस्वलाच्या पित्तात पहिल्यांदा सापडलं, म्हणून नावात ‘उर्सो’, लॅटिनमध्ये अस्वलाला ‘उर्सुस’ म्हणतात. आता त्यासाठी अस्वल लागत नाही, पण कारखान्यातला कच्चा माल बऱ्याचदा गुरांच्या पित्तातून येतो. कुणाला हे चालत नसेल तर गोळी गुपचूप बंद करण्यापेक्षा डॉक्टरांना विचारलेलं बरं. औषध करतं काय, तर यकृत पित्तात जे कोलेस्टेरॉल टाकतं ते कमी करतं आणि आहे ते विरघळलेलं ठेवायला मदत करतं. गढूळपणाची बाजू ते सांभाळतं, साचण्याची बाजू तेल.

किती उपयोग होतो? याचं उत्तर तुम्ही काय मोजता यावर आहे, आणि इथेच डॉक्टरांचीही मतं वेगळी होतात. 1995 साली बायपासच्या रुग्णांवर सहा महिन्यांची चाचणी झाली होती. नकली गोळी घेणाऱ्यांपैकी 32 टक्क्यांना सोनोग्राफीत खडे दिसले, रोज 600 मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी 2 टक्क्यांना. 300 मिलिग्रॅमवर 13 टक्के. 1200 मिलिग्रॅमवर 6, म्हणजे दुप्पट डोसाने वेगळं काही साधलं नाही. तुम्हाला लिहून दिलेले 600 इथूनच आले आहेत. फरक डोळ्यात भरणारा आहे. पण सोनोग्राफीत दिसलेला प्रत्येक खडा दुखतोच असं नाही, बरेचसे आयुष्यभर गप्प बसतात. म्हणून नेदरलँड्समध्ये पुढे अपग्रेड नावाची मोठी चाचणी झाली, तिचा निकाल 2021 मध्ये आला. त्यांनी 985 जणांमध्ये खडे मोजण्याऐवजी खड्यांचा त्रास मोजला. रोज 900 मिलिग्रॅम, सहा महिने. दोन वर्षांत गोळीच्या गटात 6.5 टक्के लोकांना त्रास झाला, नकली गोळीच्या गटात 9.7 टक्के. म्हणजे शंभर जणांनी गोळी घेतली तर तिघांचा त्रास टळतो, 32-2 असा सामना नाही हा. आणि ज्यांच्या पित्ताशयात आधीपासूनच खडे होते, त्यांना गोळीचा फायदा दिसला नाही.

शंभरात तीन हे थोडे की पुष्कळ, हे ज्याने त्याने ठरवावं. माझा कौल तुमच्या बाबतीत गोळीच्या बाजूने आहे. आईचा इतिहास तुमचा धोका थोडा वाढवतो, वेग जोरात आहे, आधीचं पित्ताशय स्वच्छ होतं, आणि औषध मुळात सौम्य आहे. पण त्याहून मोठं कारण बायपासचं आहे. खडा पित्ताशयातून निसटून खाली पित्तनलिकेत अडकला तर एरवी तोंडातून दुर्बीण घालून तो काढता येतो. तुमच्या नव्या रचनेत साधी दुर्बीण तिथवर पोचत नाही. मग लांब दुर्बीण लागते, किंवा पोटाला छिद्रं पाडून बाजूला पडलेल्या जठरातून वाट काढावी लागते. हे जमतं, पण ते सगळीकडे होत नाही आणि सोपंही नसतं. स्लीव्ह, म्हणजे जठर कापून नळीसारखं अरुंद करण्याची शस्त्रक्रिया, झालेल्या बाईने हाच प्रश्न विचारला असता तर मी इतकं रेटून सांगितलं नसतं, जरी तिथेही काही मार्गदर्शक सूचना सहा महिने रोज 500 मिलिग्रॅम सुचवतात.

आता तुमचे जुलाब. पत्रात तुम्ही स्वतःच उत्तर लिहून ठेवलंय. गोळी आणि दूध एकाच दिवशी बंद केलंत, मग पोट कशाने थांबलं हे कसं कळणार? उर्सोने काहींना शौच पातळ होतं, हे खरं. पण बायपासनंतरच्या पहिल्या आठवड्यांत दुधातली साखर न पचणं हे त्याहून नेहमीचं कारण आहे. माझा संशय दुधावर जास्त आहे. तेव्हा आता दूध बंदच ठेवा आणि एकटी गोळी सुरू करून बघा. पहिला आठवडा रात्रीच्या खाण्यासोबत एकच, 300 मिलिग्रॅमची. पोट शांत राहिलं तर दुसऱ्या आठवड्यापासून सकाळचीही, खाण्याबरोबरच. याच आठवड्यांत तेलही वाढवताय, म्हणून दोन्ही एका दिवशी सुरू करू नका. आधी तेल, चार-पाच दिवसांनी गोळी. नाहीतर पुन्हा तोच गोंधळ, कुणामुळे काय झालं ते कळायचं नाही. आठवडाभर एकटी गोळी घेऊनही पोट पातळ राहिलं तर मग गोळीच दोषी. अशा वेळी सर्जन डोस विभागून बघतील किंवा दुसऱ्या कंपनीची गोळी देतील. एका गोळीवरच राहावं लागलं तरी हरकत नाही, 300 चे आकडे वर आहेतच, ते शून्यापेक्षा बरे आहेत. ॲल्युमिनियम असलेलं अँटासिड घेत असाल तर ते या औषधाला पोटातच बांधून टाकतं. दोन्हींमध्ये किमान दोन तासांचं अंतर ठेवा.

गोळी किती दिवस? शस्त्रक्रियेपासून सहा महिने पुरे होईपर्यंत, म्हणजे आजपासून सुमारे साडेचार महिने. चुकलेले आठवडे शेवटी जोडायची गरज नाही. तेव्हाही वजन दर आठवड्याला किलोच्या वर उतरत असेल तर ते स्थिरावेपर्यंत गोळी लांबवावी का, हे त्या वेळी विचारा. गोळी हळूहळू कमी करावी लागत नाही, ती थेट थांबवता येते.

सोनोग्राफी आधी का सांगितली, तर मधले पाच आठवडे तुमच्या पित्ताशयाला ना तेल मिळालं ना गोळी. पुस्तकी नियम म्हणेल, त्रास नसेल तर तपासणी नको. मी तरी करून घेईन, कारण रिपोर्टने निर्णय बदलतो. पित्ताशय स्वच्छ असेल किंवा नुसता गाळ असेल तर गोळी सुरू करायची. गाळ असेल तर जरा जास्तच मनावर घेऊन, कारण तो अजून परतीच्या वाटेवर असतो. खडे दिसले आणि तुम्हाला काहीच त्रास नसेल, तर घाबरून लगेच ऑपरेशनला उभं राहायचं नाही. नवे, बारीक, कोलेस्टेरॉलचे खडे या औषधाने विरघळू शकतात, पण त्याला महिने लागतात, आणि अपग्रेडचा अनुभव बघता त्याने पुढचा त्रास टळेलच असं म्हणता येत नाही. तिथे सर्जन तुमच्याशी बोलूनच ठरवतील. त्रास होत असेल तर मात्र गोळीवर वेळ घालवू नका. त्या अवस्थेतला उपाय पित्ताशय काढणं हाच.

याच धाग्यावर नणंदेचं म्हणणं तपासून बघा. ज्यांना ऑपरेशनआधीच खड्यांचा त्रास असतो त्यांचं पित्ताशय बायपासच्या वेळीच काढणं योग्य ठरतं. तुमच्यात ना खडे होते ना त्रास. तिथे पित्ताशय काढायचं म्हणजे मोठ्या यकृताखाली, चरबीच्या गर्दीत, आणखी एक शस्त्रक्रिया करायची, आणि पित्तनलिकेला इजा होण्याचा छोटा पण खरा धोका पत्करायचा. तोही बहुसंख्य लोकांना कधीच न होणाऱ्या त्रासासाठी. पुढे गरज पडली तर वजन उतरल्यावर तेच काम दुर्बिणीने सोपं जातं. तुमच्या सर्जनने बरोबर केलं.

ऑलिव्ह तेल-लिंबाच्या ‘सफाई’बद्दल मला जरा राग आहे, म्हणून थोडक्यात सांगते. पेलाभर तेल प्यायल्यावर शौचात जे हिरवट मऊ गोळे पडतात ते खडे नसतात, त्याच तेलापासून आतड्यात बनलेला साबण असतो. तपासणीत ते सिद्ध झालंय. तुमच्या छोट्या पोटात पेलाभर तेल मावणारही नाही. मावलं तर उलटी आणि जुलाब, आणि आत खरंच खडा असेल तर जोराच्या आवळण्याने तो नलिकेत ढकलला जायचा. चमचाभर तेल जेवणात घेणं आणि पेलाभर तेल घटाघटा पिणं यांचा एकमेकांशी संबंध नाही.

आणखी एक, कारण त्याबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर सर्जनना सांगा. त्या पित्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतात, आणि बायपासनंतर त्या नीट शोषल्या जातील याचीही खात्री देता येत नाही. गर्भनिरोधन थांबवायचं मात्र नाही, पद्धत बदलायची. शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायला सांगतात.

आता दुखण्याची ओळख. पित्ताशयाची कळ उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खालच्या खळग्यात येते. खाल्ल्यानंतर तासा-दोन तासांत किंवा मध्यरात्री येते, वाढत जाऊन टिकून राहते, अर्धा तास ते चार-पाच तास, आणि बऱ्याचदा उजव्या खांद्याच्या फऱ्यात जाते. कुशी बदलून, ढेकर देऊन, अँटासिड घेऊन ती हलत नाही. मागच्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी अशा चार कळा ‘घाईत खाल्लं’ म्हणून अंगावर काढल्या होत्या. त्यांचीही बायपास होती आणि गोळी त्यांनीही दुसऱ्या महिन्यात सोडली होती. पाचव्या वेळी डोळे पिवळे झाले तेव्हा आल्या. खडा नलिकेत होता, आणि तो काढायला त्यांना दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात पाठवावं लागलं. पहिल्या कळेनंतरच सोनोग्राफी झाली असती तर बहुधा साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनवर भागलं असतं.

अशी एक जरी कळ आली तरी त्याच आठवड्यात दाखवा. कळ पाच-सहा तासांहून जास्त टिकली, थंडी वाजून ताप आला, डोळे किंवा लघवी गडद पिवळी झाली, किंवा दुखणं पाठीत आरपार जाऊन उलट्या थांबेनात, तर वाट न बघता तातडीच्या विभागात जा. गोळी चालू असली तरी, आणि गोळी तेवढी थांबवून.

तिथे गेल्यावर पहिलं वाक्य ‘माझी गॅस्ट्रिक बायपास झाली आहे’ हे असू द्या. बायपासनंतर पोटात दुखण्याची आणखी दोन कारणं असतात जी खड्यांसारखी वाटू शकतात. एक, जोडाच्या जागी झालेला व्रण. तो जळजळतो आणि खाल्ल्या-खाल्ल्या दुखतो. दुसरं, आतड्याचा वेढा आतल्या फटीत सरकून अडकणं. यात नाभीभोवती पीळ पडल्यासारखं येऊन-जाऊन दुखतं, आणि वजन बरंच उतरल्यावर, म्हणजे तुम्हाला पुढच्या वर्षी-दोन वर्षांत, ते व्हायची शक्यता जास्त. सोनोग्राफीत खडे दिसले म्हणून डॉक्टरांनी तिथेच शोध थांबवला आणि दुखणं खरं या अडकलेल्या आतड्याचं निघालं, असं होऊ शकतं. म्हणून ऑपरेशनचा कागद आणि तुमच्या सर्जनचा नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, आणि घरातल्या एकाला तरी तो कुठे आहे ते सांगून ठेवा.